शब्दचर्चा: क्लेफ, की सिग्नेचर आणि टाइम सिग्नेचरला मराठीत काय म्हणावे?

ओवी१२
कीबोर्डच्या वर्गातून पाश्चात्त्य नोटेशनच्या एका पानाचा फोटो आला आहे. वर 'मिन्युएट इन जी' असं लिहिलं आहे. पाच रेघा, डावीकडे वेटोळ्याचं चिन्ह, त्याला लागून एक शार्प (दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघांची खूण), मग ३ च्या खाली ४. मला पेटी येते, म्हणून हे सरगममध्ये उतरवायचं आहे. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. या तीन खुणांना मराठीत रुळलेले शब्द आहेत का? आणि शार्प म्हणजे तीव्र ना? 'इन जी' म्हणून सा पांढरी पाचवर घेतला आणि मध्यम तीव्र केला, तर पहिल्याच ओळीत चाल वाकडी लागते.

बृहत्कोश
रुळलेला शब्द एकाही खुणेला नाही. संगीतवाले सरळ क्लेफ, की सिग्नेचर म्हणतात. 'क्लेफ' हा फ्रेंच शब्द, अर्थ किल्ली. म्हणून वेटोळ्याला 'किल्ली' म्हणावं असं मला वाटतं. दुसऱ्या खुणेला 'स्वरसंकेत' आणि तिसरीला 'तालसंकेत'.

पेटीमास्तर
शार्प म्हणजे तीव्र हे बरोबर आहे. एक शार्प असला की सा पांढरी पाच, दोन असले की पांढरी दोन. हा ठोकताळा पाठ करा, काम झालं.

मध्यलय
पेटीमास्तरांची दोन्ही उत्तरं अर्धी बरोबर आहेत, आणि ओवींची चाल बिघडली ती नेमकी त्या उरलेल्या अर्ध्यामुळे.

शार्प ही पट्टीवरची खूण आहे, रागातली नाही. ती एवढंच सांगते की अमुक पांढरी सोडा आणि तिच्या उजवीकडची लगतची पट्टी दाबा. फोटोत शार्प सगळ्यात वरच्या रेघेवर आहे. वेटोळ्याच्या क्लेफमध्ये ती रेघ एफची, म्हणजे पांढरी चारची. तेव्हा पांढरी चारऐवजी काळी तीन. आता सा पांढरी पाचवर धरा आणि मोजा: काळी तीन हा त्या साचा शुद्ध निषाद आहे! तीव्र मध्यम नव्हेच. तुम्ही मध्यम तीव्र केलात म्हणजे पांढरी एकच्या जागी काळी एक दाबलीत, आणि तसं पानावर कुठेच लिहिलेलं नाही. तो शार्प नसता तर पांढरी पाचच्या साला कोमल निषाद मिळाला असता. शार्पमुळे सप्तक शुद्ध होतं, सरळ बिलावल.

सा पांढरी एकवर असेल तरच एफ शार्प म्हणजे तीव्र मध्यम. आपल्या पुस्तकांत शार्पला सरसकट तीव्र म्हणतात ते याच हिशेबाने, आणि मग सा हलला की घोटाळा होतो.

ओवी१२
म्हणजे पहिली ओळ शुद्ध स्वरांत. पण मग सा कुठे आहे हे नक्की कशावरून ठरवायचं? वर 'इन जी' लिहिलं नसतं तर?

मध्यलय
इथे पेटीमास्तरांचा ठोकताळा अपुरा पडतो. एका शार्पच्या दोन शक्यता असतात: जी मेजर, म्हणजे सा पांढरी पाच, किंवा ई मायनर, म्हणजे सा पांढरी तीन. खुणा अगदी सारख्या. चाल कुठे विसावते ते पाहा. दोन उभ्या रेघांमधला भाग म्हणजे एक घर; शेवटच्या घरातला सगळ्यात खालचा स्वर बहुधा सांगतो. मायनर असेल तर मध्येच डीच्या शेजारी सुटे शार्पही भेटतात. तुमच्या तुकड्यात ते नाहीत.

आता पहिली चार घरं फोटोवरून उतरवून पाहू. वेटोळं खालून दुसऱ्या रेघेला वळसा घालतं, ती रेघ जीची, म्हणजे तुमचा सा. तिथून वर रेघ, मोकळी जागा, रेघ असं एकेक पाऊल मोजत जा. पहिला स्वर चौथ्या रेघेवर आहे: सा, रे, ग, म, प, म्हणजे पंचम. पहिलं घर: प, मग सा रे ग म. दुसरं: प सा सा. तिसरं: ध, मग म प ध नि, आणि हाच तो काळी तीनचा निषाद. चौथं: तार सा, मग मध्य सा दोनदा.

सातव्या घराचा पहिला स्वर मात्र तळच्या मोकळ्या जागेत आहे. तोही एफच, मंद्र निषाद. त्याच्याजवळ शार्प दिसणार नाही, तरी काळी तीनच दाबायची. सुरुवातीचा शार्प वरच्या रेघेवर लिहिलेला असला तरी सगळ्या सप्तकांतल्या एफला लागू होतो. नवखे हमखास इथे चुकतात.

शांताराम_पु
तार सा म्हणता, पण फोटोत त्याच्या डोक्यावर बिंदू असल्याशिवाय तार कसा? भातखंडे पद्धतीत वर बिंदू तार, खाली बिंदू मंद्र. आधी हे पान कुठल्या पद्धतीचं ते ठरवा.

मध्यलय
हे भातखंडे लिपीत नाही, शांतारामजी. इथे उंच-खोल हे रेघेवरच्या जागेवरूनच कळतं, बिंदूवरून नाही. पण मुद्दा चांगला काढलात, कारण आपली नजर बिंदूला सप्तक समजते. या लिपीत स्वराच्या वर किंवा खाली बिंदू असेल तर तो स्वर तोडून वाजवायचा. स्वराच्या उजवीकडे असेल तर त्याची लांबी दीडपट होते.

कुळागर
गोव्यात चर्चच्या शाळांत सोल्फेज, म्हणजे डो-रे-मी-फा-सोल असं गायन, शिकवायचे तेव्हा हे शब्द पोर्तुगीजमधून आले. वेटोळ्याला क्लाव्ह द सोल, म्हणजे 'सोल'ची किल्ली. शार्प म्हणजे सुश्तेनिदु. तिथे जी कायम सोल असतो, सूर कुठलाही असो. त्यामुळे सोल म्हणजे प, असं मनात पक्कं बसलेला माणूस इथे 'सा' ऐकला की गोंधळतो. बृहत्कोश यांची 'किल्ली' मला जवळची वाटते. पण मग की सिग्नेचरमधल्या 'की'चं काय? तीही किल्लीच!

बृहत्कोश
तो पेच मान्य. की सिग्नेचरसाठी 'पट्टीखूण' कसं वाटतं? मराठीत गाणारे 'कुठली पट्टी?' असंच विचारतात.

मध्यलय
शब्द गोड आहे, पण खूण गाण्याची पट्टी, म्हणजे सा कुठे ते, सांगत नाही, असं मी आत्ताच वर लिहिलं. जी मेजर की ई मायनर ते उरतंच. ती फक्त कुठल्या पांढऱ्या बदलायच्या ते सांगते. म्हणून मला तो शब्द दिशाभूल करणारा वाटतो.

पेटीमास्तर
ई मायनरचं मान्य, ते मी सोडलं होतं. तालाचं मात्र सोपं आहे. ३/४ म्हणजे पाऊण. पाऊण मात्रेचा ताल नसतोच, तेव्हा दादरा समजा.

मध्यलय
पाऊण मुळीच नाही. हा अपूर्णांक नाही, मधली रेघही छापलेली नसते. दोन वेगळे आकडे एकावर एक आहेत. खालचा ४ सांगतो की काळ्या भरीव, काठी असलेल्या, शेपटी नसलेल्या स्वराला एक ठोका. वरचा ३ सांगतो की एका घरात असे तीन. दादरा सहा मात्रांचा आणि तीन-तीनने चालतो. त्याच्या जवळचं वजन ६/८ चं. दोन्हींत एका घरात त्या काळ्या स्वराचे सहा अर्धे भाग बसतात, पण ३/४ मध्ये ते दोन-दोन-दोन पडतात. मिन्युएटला दादरा लावलात तर वजन जागचं हलेल.

ओवी१२
फोटोत दोन अडचणी आहेत. दुसऱ्या ओळीची डावी बाजू कापली गेली आहे. आणि खालच्या पाच रेघांवर, डाव्या हाताच्या भागात, पहिल्या घरात एकावर एक रचलेले तीन स्वर आणि मग एक स्वर आहे, सगळे काळेच दिसतात. मोजले तर दोनच ठोके होतात.

मध्यलय
कापलेल्या ओळीची काळजी नको. क्लेफ आणि शार्प प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला पुन्हा छापतात, तेव्हा पहिल्या ओळीवरून घ्या. ३/४ मात्र एकदाच, अगदी सुरुवातीला. कुणी दुसऱ्या पानाचा फोटो पाठवला तर तो आकडा तिथे नसणारच.

दुसऱ्या अडचणीचं उत्तर बेरजेत आहे. घरात तीन ठोके भरलेच पाहिजेत. एक आणि एक दोन होत असतील तर एक ठोका हरवला आहे. रचलेले तीन एकदम वाजतात, त्यांची लांबी एकदाच धरायची. ते मुळात पोकळ आहेत, दोन ठोक्यांचे. सावलीमुळे पोकळी भरून गेली. दोन आणि एक, तीन. दुसऱ्या घरात एकच पोकळ स्वर आहे. तो दोन ठोक्यांचा, बेरीज पुन्हा कमी. म्हणजे त्याच्या उजवीकडचा बिंदू पुसट झाला आहे, बिंदूसह तीन. पाचव्या घरातला स्वर रेघेवर आहे. रेघेवरच्या स्वराचा बिंदू शेजारच्या मोकळ्या जागेत सरकवतात, तो रेघेला चिकटल्यासारखा दिसतो. शक्य असेल तर फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवा, चॅटमधून तो दाबला जातो आणि आधी बिंदू जातात.

एक मोठी चूक टाळा. खालच्या पाच रेघांना वेटोळं नसून कानासारखी खूण आणि दोन बिंदू आहेत. त्या दोन बिंदूंमधली रेघ एफची. दुसऱ्या घरातला स्वर सगळ्यात वरच्या रेघेच्याही वर आहे: वेटोळ्याने वाचलात तर तो तार सा, या खुणेने वाचलात तर मंद्र गंधार. एकच जागा, दोन स्वर.

कुळागर
लांबीच्या नावांवरही बोलू या. इंग्रजी परीक्षांत चौथ्या हिश्श्याच्या स्वराला क्रॉचेट म्हणतात, आणि फ्रेंचमध्ये क्रॉश म्हणजे आठवा हिस्सा. दोन्हींचं मूळ 'आकडा', म्हणजे हुक, पण क्रॉचेटला आता तसली शेपटीच नाही. जुनी फ्रेंच पुस्तकं पाहताना हे फसवतं.

बृहत्कोश
मग मराठीत पूर्ण, अर्धा, पाव, अधपाव? क्रॉचेटपेक्षा पाव जास्त मराठी वाटतं.

पेटीमास्तर
त्यापेक्षा एकमात्रा, दोनमात्रा असंच म्हणा.

मध्यलय
एकमात्रा नको. ६/८ मध्ये तोच काळा स्वर दोन अधपावांचा होतो आणि ठोका दीडपट असतो. नाव लांबीच्या नात्याचं हवं, ठोक्याचं नको. पाव, अधपाव मला चालतील.

ओवी, पुढे विसाव्या घरात जरा थांबा. तिथे सीजवळ सुटा शार्प आहे, म्हणजे पांढरी एकऐवजी काळी एक. साच्या हिशेबाने तुमचा तीव्र मध्यम इथे खरोखर येतो! त्याच घरात सी पुन्हा आला की शार्प लिहिलेला नसतो, तरी लागू असतो. एकविसाव्या घरात मात्र तो पुन्हा छापतात, कारण उभी रेघ ओलांडली की सुटा शार्प संपतो.

ओवी१२
आता बसलं. जिथे सीजवळ सुटा शार्प लागू आहे तिथे म तीव्र, बाकी शुद्ध. पण हा तुकडा बाखचा ना? पानावर तसं आहे.

मध्यलय
१७२५ साली सुरू झालेल्या अ‍ॅना माग्दालेना बाखच्या वहीत तो आहे, म्हणून फार काळ योहान सेबास्टियन बाखचा मानला गेला. रचना ख्रिस्टियान पेट्झोल्डची.

बृहत्कोश
'किल्ली' आणि 'पट्टीखूण' दोन्ही वादात राहिल्या. सुट्या शार्पला तरी 'आगंतुक' म्हणू या का? घर संपलं की निघून जातो.

कुळागर
आगंतुक आवडला. किल्ली मात्र मी सोडणार नाही.