आंब्याचा चीक आणि जुना बिब्बा

"कैऱ्या उतरवल्या तेव्हा काहीच झालं नाही. दोन दिवसांनी मनगटं आणि ओठ खाजायला लागले. मग आंब्यानेच झालं कसं म्हणायचं?"

ताई, दोन दिवस गेले म्हणूनच माझा संशय आंब्यावर आहे. चीक लागताच आग झाली तर ते नुसतं पोळणं. ॲलर्जीचं पुरळ एक ते तीन दिवसांनी उठतं, कारण शरीराच्या रक्षक टी-पेशी, ज्या आधीच बिथरलेल्या असतात, त्यांना तिथे जमायला वेळ लागतो.

आंबा, काजू, बिब्बा आणि अमेरिकेतली पॉयझन आयव्ही एकाच कुळातली. आयव्हीत उरुशिऑल हे पुरळ आणणारं तेल असतं; आंब्याच्या चिकात आणि सालीत त्याच्यासारख्याच घडणीची रेसॉर्सिनॉल. शरीर त्यांत गल्लत करतं, एकाने बिथरलं की दुसऱ्यालाही तेच समजतं. आयव्ही आपल्याकडे नाही, पण बिब्बा आहे ना! आमच्या यावलकडे भेगांवर लावतात. माझ्या मावसभावाला लहानपणी त्याने टाचेला फोड आले होते. मोठेपणी आंबा सालीसकट चोखला आणि तिसऱ्या दिवशी तोंडाभोवती पुरळ. साल काढून फोडी दिल्या, तर निवांत खातो; गरात हा पदार्थ फारच कमी.

तुम्ही कधी बिब्बा लावला होता का? पुढच्या वेळी कैरी देठासकट उतरवा, मग देठ मोडून उलटी ठेवा, चीक निथळू द्या. हात लगेच साबणाने धुवा. डोळे सुजले तर मात्र थेट डॉक्टरकडे.