करारात 34.50 लाख, एजंट म्हणतो स्टॅम्प ड्युटी 43.20 लाखांवर. बरोबर आहे का?

हडपसरकर_नवा
पुणे मनपा हद्दीत रीसेलचा फ्लॅट घेतोय. कार्पेट 60 चौ.मी., दुसरा मजला, लिफ्ट आहे, इमारत 20 वर्षांची. उन्हाळ्यात टँकर येतो आणि बेडरूमच्या भिंतीला ओल आहे, म्हणून घासाघीस करून 34.50 लाखांत ठरलं. एजंटने रेडी रेकनरच्या म्हणजे सरकारी तक्त्याच्या दराने कागदावर 60,000 × 72 = 43,20,000 लिहून दिलं आणि 7 टक्क्यांनी 3,02,400 रुपये भरा म्हणाला. जे पैसे मी देतच नाही, त्यांच्यावर ड्युटी का?

पेठेतला_बाब्या
सरळ आहे. रेडी रेकनर जास्त, म्हणजे ड्युटी रेकनरवर. वाद घालून उपयोग नाही. बायकोचं नाव टाका, 1 टक्का वाचेल.

सूची_दोन
बाब्या, रेकनरचं बरोबर, पण बायकोच्या नावाचं अर्धंच. सगळे खरेदीदार महिला असतील तरच सवलत मिळते. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलंत की गेली.

आता मूळ प्रश्न. करारातला मोबदला आणि सरकारी बाजारमूल्य यांपैकी जे जास्त, त्यावर शुल्क लागतं. एजंटचे 72 चौ.मी. ठीक आहेत, जुन्या फ्लॅटला कार्पेटच्या 1.2 पट बांधीव क्षेत्र धरतात. पण गड्याने घसारा, म्हणजे इमारतीच्या वयाची वजावट, लावलाच नाही. तुमच्या विभागात खुल्या जमिनीचा दर किती आहे?

हडपसरकर_नवा
तक्त्यात 20,000 दिसतोय, प्रति चौ.मी.

सूची_दोन
मग बघा. जमीन जुनी होत नाही, बांधकाम होतं. म्हणून फ्लॅटच्या दरातून जमिनीचा दर वजा करायचा: 60,000 − 20,000 = 40,000. वीस वर्षांच्या आरसीसी इमारतीला त्याचे 80 टक्के धरतात, म्हणजे 32,000. त्यात जमिनीचे 20,000 परत मिळवले की 52,000. गुणिले 72, झाले 37,44,000. त्यावर 7 टक्के (5 मूळ शुल्क, 1 स्थानिक संस्थेचा, 1 मेट्रोचा) म्हणजे 2,62,100 च्या आसपास. चाळीस हजारांचा फरक पडला. नोंदणी फी 30,000 वेगळी.

मूल्यांकन पत्रक छापून घ्या आणि त्यात ‘घसाऱ्यानुसार टक्केवारी’समोर काय आलंय ते वाचा. 100 दिसलं तर इमारतीचं वय भरलेलंच नाही असं समजा. वयाला पुरावा लागतो, भोगवटा प्रमाणपत्र शोधून ठेवा.

माहेर_साताऱ्याचं
आमच्याकडे उलटं झालं. गावची जमीन, रस्त्यालगतची आणि आतली, दोन्हींना एकच दर! आतल्या तुकड्याला बैलगाडीसुद्धा जात नाही. हे कसं ठरवतात हो?

सूची_दोन
ताई, शेतजमिनीचं गणित निराळं आहे, त्यात मी पडत नाही. पण दुखणं तेच. दर अख्ख्या मूल्यविभागाला लागतो. त्याला ओल दिसत नाही, टँकर दिसत नाही आणि रस्ता नसलेला तुकडाही दिसत नाही. शिवाय दर बाजारासोबत रोज हलत नाही. 2023 आणि 2024 ला तक्ता जसाच्या तसा ठेवला आणि 2025 ला राज्यभर सरासरी 3.89 टक्के वाढवला. त्यामुळे नव्या चकचकीत इमारतीत खरा भाव रेकनरच्या वर जातो, तेव्हा ड्युटी करारातल्या रकमेवर बसते. जुन्या, रडक्या इमारतीत उलटं होतं.

पेठेतला_बाब्या
मग करारातच 37.44 लिहून टाका. कटकट नको.

सूची_दोन
अजिबात नको. जे दिलं नाही ते दिलं असं का लिहायचं? विक्रेत्याचा कर त्या आकड्यावर निघेल, तो सही करेल का? नोंदणीनंतर मिळणाऱ्या उताऱ्यावर, म्हणजे सूची क्र. 2 वर, मोबदला आणि बाजारभाव असे दोन वेगळे रकाने असतातच, 34.50 आणि 37.44 शेजारी शेजारी राहू देत.

खरी भीती आयकराची. सरकारी मूल्य मोबदल्याच्या 110 टक्क्यांच्या आत असेल तर कुणी विचारत नाही. तुमची मर्यादा 37.95 लाख, म्हणजे 51 हजारांनी वाचलात. एजंटच्या आकड्याने नोंदणी झाली असती तर 8.70 लाखांचा फरक तुमचं उत्पन्न धरला गेला असता.

हडपसरकर_नवा
बाप रे. आणि ओलीसाठी मूल्य आणखी कमी करून मिळेल?

सूची_दोन
नोंदणीच्या टेबलावर नाही. दुय्यम निबंधक तक्त्याच्या खाली उतरत नाही. मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे मूल्य ठरवून घ्यायला, म्हणजे अभिनिर्णयाला, दस्त घालता येतो, पण त्याला वेळ लागतो आणि विक्रेता थांबेल याची खात्री काय?

हडपसरकर_नवा
एक राहिलंच. खाली बंद पार्किंग आहे, सोसायटीने दिलेलं. मसुद्यात एजंटने तेही लिहिलंय.

सूची_दोन
मग 51 हजार पुरतील का ते बघावं लागेल, कारण दस्तात आलेल्या बंदिस्त पार्किंगचं मूल्य वेगळं धरतात. क्षेत्रफळ किती लिहिलंय?

माहेर_साताऱ्याचं
आमच्या सोसायटीत वकिलाने पार्किंग काढायला लावलं होतं, म्हणे ते सोसायटीचं, विकणाऱ्याचं नाहीच.

सूची_दोन
काढलं तर पुढे विकताना भांडण, ठेवलं तर मूल्य वाढतं. सोसायटीचं वाटपपत्र वाचल्याशिवाय मी बोलणार नाही. फोटो टाका.