नानांची गाडी आणि वॉचमनची खुर्ची
(सोसायटीचा ग्रुप, रविवार संध्याकाळ)

मेघना (ए २०३): काल सात वाजता गेटमधून आत येताना नानांच्या गाडीने वॉचमनची खुर्ची उडवली. वॉचमन नशिबाने पाणी प्यायला उठला होता. मी माझ्या लेकीला घेऊन तिथेच उभी होते. महिन्याभरात ही दुसरी वेळ आहे, मागे कुंड्या गेल्या तेव्हा सगळे हसले होते. कमिटी काही करणार आहे का?

जोगळेकर काका (बी १०१): मी सहा महिने सांगतोय, गेटच्या आत स्पीड ब्रेकर पाहिजे.

समीर (बी ४०४): खुर्चीचं लायसन्स होतं का पण 😄

मेघना (ए २०३): समीर, तुझी मुलं तिथे सायकल चालवतात. मग हस.

नाना (ए ५०१): नमस्कार. खुर्ची रस्त्यात ठेवली होती. ती तिथे कोणी आणि का ठेवली हे आधी विचारावं. मी १९७४ पासून गाडी चालवतो, एकही अपघात नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन दोन्ही डोळ्यांचं झालंय, डॉक्टर म्हणाले सिक्स बाय सिक्स. लायसन्स २०२८ पर्यंत आहे. धन्यवाद.

निखिल (ए ५०१, बंगळुरू): मेघना ताई, हे मला पर्सनलवर सांगितलं असतंत तर बरं झालं असतं. बाबा ग्रुपवर आहेत.

मेघना (ए २०३): निखिल, जूनमध्ये पर्सनलवरच सांगितलं होतं. तू थम्स अप पाठवलास.

पाटील (सेक्रेटरी): कृपया शब्द जपून वापरावेत. वॉचमनला नवीन खुर्ची देण्यात येईल. टँकर उद्या सकाळी साडेसहाला.

जोगळेकर काका (बी १०१): खुर्ची कशाला, स्पीड ब्रेकर द्या.

अनघा ताई (सी ३०२): लायसन्सचं एक सांगते, आमच्या अण्णांच्या वेळी हे सगळं केलंय म्हणून. पंचावन्नच्या पुढे नूतनीकरण पाच पाच वर्षांसाठीच होतं आणि त्यासाठी फॉर्म १ए वर डॉक्टरांची सही लागते. अण्णांना ज्यांनी सही दिली त्यांनी मान वर करूनही बघितलं नव्हतं, टेबलावर फॉर्म, सही, शिक्का, पुढचा या. तेव्हा लायसन्स आहे म्हणजे नजर आहे असं धरू नका नाना, प्लीज. रागावू नका.

नाना (ए ५०१): मी पंचवीस मीटरवरून नंबरप्लेट वाचून दाखवतो. या आत्ता खाली.

डॉ. सायली (सी ५०३): नाना, तुम्ही वाचालच, माझी पैज. तक्त्यावरची अक्षरं आणि नंबरप्लेट आपण नजरेच्या मधल्या भागाने वाचतो. मोतीबिंदू काढल्यावर तो भाग स्वच्छ होतो. पण तुमच्या डोळ्यात रोज रात्री थेंब घालता ना? मागे लिफ्टमध्ये काकू म्हणाल्या होत्या.

शोभा काकू (ए ५०१): हो ग, काचबिंदूचे. कधी कधी विसरतात.

नाना (ए ५०१): विसरत नाही.

डॉ. सायली (सी ५०३): काचबिंदूत मधली नजर बहुतेक वेळा शेवटपर्यंत चांगली राहते आणि आजूबाजूची हळूहळू जाते. सिक्स बाय सिक्स असणारा माणूससुद्धा बाजूचं बरंच काही बघत नसतो. आणि त्याला ते कळत नाही, कारण तिथे काळं दिसत नाही. मेंदू आजूबाजूच्या चित्रावरून ती जागा भरून टाकतो, मोकळा रस्ता दिसतो. नानांनी खुर्ची दुर्लक्षली असं नाही, त्यांच्यासाठी खुर्ची तिथे नव्हतीच. कुंड्या पण डावीकडच्याच होत्या ना?

समीर (बी ४०४): मॅडम, डावीकडून सगळ्यांच्याच गाड्या घासतात, ड्रायव्हर उजवीकडे बसतो. माझी बघा, डावा दरवाजा म्हणजे नकाशा झालाय.

डॉ. सायली (सी ५०३): बरोबर आहे, नुसत्या ओरखड्यावरून मी काही म्हणणार नाही. घरात चालताना काय होतं ते महत्त्वाचं. काकू, दाराच्या चौकटीला खांदा लागतो का? ट्रेमधला डावीकडचा कप राहून जातो का?

शोभा काकू (ए ५०१): कप नाही माहीत. पण लक्ष्मी रोडला चालताना माझ्या डाव्या बाजूला राहत नाहीत, लोक धडकतात म्हणतात, मला डावीकडे घेतात. गाडीत मात्र काही काळजी नाही हो, मी शेजारी बसून सांगते ना. डावीकडून स्कूटर येतेय, आजी रस्ता ओलांडतायत, थांबा. दोन वर्षं असंच चाललंय.

निखिल (ए ५०१, बंगळुरू): आई!!! दोन वर्षं??

डॉ. सायली (सी ५०३): काकू, म्हणजे अर्धी गाडी तुम्ही चालवताय, आणि ब्रेक तुमच्या पायाखाली नाही. तुम्हाला स्कूटर दिसणार, तुम्ही बोलणार, नानांना ऐकू येणार, मग पाय उचलणार. ताशी चाळीसला गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते. या सांगण्याऐकण्यात दोन सेकंद गेले तर बावीस मीटर, म्हणजे आपल्या गेटपासून जवळजवळ लिफ्टपर्यंत. काल काकू बरोबर होत्या का?

शोभा काकू (ए ५०१): नाही. माझा गुडघा दुखत होता, घरी होते.

जोगळेकर काका (बी १०१): म्हणूनच म्हणतो स्पीड ब्रेकर.

मेघना (ए २०३): काका, ब्रेकरवरून हळू आली तरी न दिसलेलं मूल दिसणार आहे का? हे तर मी आरटीओला लिहून देईन आता.

अनघा ताई (सी ३०२): देता येतं, मोटार वाहन कायद्याच्या कलम १६ खाली आरटीओ आजारपणावरून नवीन मेडिकल मागू शकतं किंवा लायसन्स रद्द करू शकतं. पण मेघना, शेजाऱ्याने तक्रार करून नानांची गाडी थांबली तर पुढची दहा वर्षं लिफ्टमध्ये एकमेकांकडे बघाल का तुम्ही? ते शेवटचं ठेव.

निखिल (ए ५०१, बंगळुरू): आम्ही प्रयत्न केले नाहीत असं नाही. दिवाळीत मी चावी लपवली तर बाबांनी दुसरी चावी काढली. मग बॅटरीची वायर काढून ठेवली तर मेकॅनिकला बोलावून बसवून घेतली आणि मलाच म्हणाले तुझं काम पक्कं नाही. चिडून बोललो की ते अजून लांब गाडी नेतात.

अनघा ताई (सी ३०२): कारण तू चोरी करतोयस रे. आमच्या अण्णांशीही तसंच झालं. शेवटी आम्ही विचारणं बंद केलं की गाडी कधी सोडणार, आणि विचारलं की गाडी लागते कशाला. कागदावर लिहून काढलं. मंगळवारी बँक, शनिवारी मंडई, महिन्यातून एकदा साताऱ्याला बहिणीकडे. बँक फोनवर झाली, मंडईला भाची जायला लागली, साताऱ्यासाठी दिवसावर ड्रायव्हर. एकेक फेरी काढत गेलो, मग गाडी आपोआप उभी राहिली. नाना गाडी कुठे नेतात?

शोभा काकू (ए ५०१): माझ्या फिजिओला. आठवड्यातून तीनदा. बाकी फार नाही. निखिल, तुला कधी विचारावंसं वाटलं नाही.

(काही वेळ कोणीच लिहिलं नाही. मग समीरने चुकून शुभ रात्रीचा गुलाब टाकला आणि काढला.)

निखिल (ए ५०१, बंगळुरू): आई, तुझ्या हिशोबाच्या वहीतून गाडीचा खर्च सांगशील?

शोभा काकू (ए ५०१): विमा नऊ हजार, सर्व्हिसिंग आठ, पेट्रोल महिना दोन हजार म्हणजे चोवीस. एकेचाळीस. बंपरचे साडेचार वेगळे, ते यांनी मला सांगितले नव्हते, बिल सापडलं.

निखिल (ए ५०१, बंगळुरू): फिजिओला रिक्षा एका बाजूला साठ धरली तर जाऊन येऊन १२०, आठवड्याला ३६०, महिन्याचे पंधराशे धर. बाकी फिरणं अजून पंधराशे. वर्षाचे छत्तीस. म्हणजे गाडी उभी करून वर पाच हजार उरतात.

नाना (ए ५०१): पावसात रिक्षा मिळत नाही. साडेअकराला तर कोणी थांबत नाही. तिला गुडघा वाकवून रिक्षात चढता येत नाही, गाडीची सीट उंच आहे. हे बंगळुरूला बसून कळायचं नाही.

अनघा ताई (सी ३०२): हे मात्र खरं आहे निखिल. उत्तर दे.

निखिल (ए ५०१, बंगळुरू): मान्य. मग रिक्षा नको, गाडी तीच राहू दे, तीन दिवस सकाळी दोन तासांसाठी ड्रायव्हर. खर्च वाढेल, तो मी देतो.

पाटील (सेक्रेटरी): बी विंगच्या ड्रायव्हरला दुपारपर्यंत काम नसतं, विचारून बघतो. हे माझं वैयक्तिक मत, कमिटीचं नाही.

डॉ. सायली (सी ५०३): आणि नाना, माझ्या किंवा निखिलच्या म्हणण्यावर जाऊ नका. तुमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे फील्ड टेस्ट करून घ्या. हनुवटी टेकवून एक डोळा झाकून समोरच्या दिव्याकडे बघत राहायचं, बाजूला ठिपका चमकला की बटण दाबायचं. एका डोळ्याला पाच ते दहा मिनिटं. पहिल्यांदा लोक गोंधळतात, बटण दाबायचं राहतं, म्हणून एका टेस्टवर निकाल लावू नका, परत करायला सांगतील. पण कागदावर जे काळं उमटेल ते बघून डॉक्टरांनाच विचारा, मी गाडी चालवू का. दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला काळं असेल तर दुसरा डोळा भरपाई करू शकत नाही. आणि एक स्पष्ट सांगते, गेलेली नजर थेंबांनी परत येत नाही, आहे ती टिकते. मोतीबिंदूसारखं ऑपरेशन करून मोकळं व्हायचं हे दुखणं नाही. तोवर संध्याकाळी तरी गाडी काढू नका.

नाना (ए ५०१): टेस्ट मागच्या वर्षी सांगितली होती त्यांनी. केली नाही.

मेघना (ए २०३): नाना, मी जरा चिडून लिहिलं. पण लेक तिथेच उभी होती हो.

नाना (ए ५०१): ती पिवळ्या फ्रॉकमधली?

मेघना (ए २०३): हो. तुम्हाला दिसली होती?

नाना (ए ५०१): नाही. तू लिफ्टमध्ये भेटलीस तेव्हा तिच्या अंगावर होता.

नाना (ए ५०१): गुरुवारी जातो टेस्टला. पाटील, त्या ड्रायव्हरला बुधवारी वर पाठवा, आधी मी त्याच्या शेजारी बसून बघणार तो कसा चालवतो. निखिल, तू पैसे द्यायचे नाहीत. आणि चावी माझ्याकडेच राहील.

समीर (बी ४०४): नाना, गाडी विकायचा विचार झालाच तर तुमचं कव्हर्ड पार्किंग मला...

शोभा काकू (ए ५०१): समीर, गाडी इथेच आहे. पार्किंग पण.

जोगळेकर काका (बी १०१): पार्किंगसाठी माझा अर्ज समीरच्या आधीचा आहे, २०१९ चा. पाटील, रेकॉर्ड काढा.

पाटील (सेक्रेटरी): पार्किंगबद्दल एजीएममध्ये बोलू. टँकर साडेसहा नाही, सात.