मदत हवी आहे: गिब्ज सायकलमध्ये ‘मूल्यमापन’ आणि ‘विश्लेषण’ वेगळं कसं ठेवायचं?

मी इंग्लंडमध्ये नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. प्लेसमेंटवर १५०० शब्दांचा चिंतनात्मक निबंध द्यायचाय. मॉडेल गिब्जचंच हवं, ड्रिस्कॉल चालणार नाही.

प्रसंग असा: एका आजींचे श्वास मी १५ सेकंद मोजले, चारने गुणले आणि २० लिहिले. न्यूज२ या रुग्णाची तब्येत किती बिघडलीय ते गुणांत मोजणाऱ्या पद्धतीत त्याला शून्य गुण. मेंटरने पूर्ण मिनिट मोजले तर २४ भरले, म्हणजे २ गुण. आजी बोलत बोलत मध्येच थांबून श्वास घेत होत्या, ते दिसूनही मी आकड्यावरच विसंबले.

पहिल्या मसुद्यात निम्मे शब्द वर्णनातच गेले. ट्यूटरचा शेरा: ‘गोष्ट सांगितलीत, चिंतन कुठंय?’ मग वर्णन २०० शब्दांवर आणलं, भावना थोडक्यात उरकल्या. आजींचं नाव बदललंय, वॉर्ड आणि हॉस्पिटलचा उल्लेख काढलाय, प्रथमपुरुषी लिहायला परवानगी आहे. त्यामुळे तो प्रश्न नाही.

अडलंय ते पुढे. ‘मेंटरने वेळीच पकडलं हे चांगलं, मी घाई केली हे वाईट’ हे मूल्यमापनात लिहिलं. विश्लेषणात गेले की तेच शब्द फिरवून पुन्हा येतात. (कृती आराखड्यातलं ‘यापुढे काळजी घेईन’ मलाच पोकळ वाटतं, पण ते नंतर बघू.)

थोड्या सेकंदांच्या मोजणीतली चूक गुणल्यावर वाढते, हा मुद्दा आणि न्यूज२ चा संदर्भ मूल्यमापनात घ्यायचा की विश्लेषणात? आणि ‘आकड्यावर का विसंबले’ याचं उत्तर माझ्या घाईत शोधायचं, की वॉर्डातल्या पद्धतीवरही बोट ठेवलं तर चालतं?