विषय: टेबलक्लॉथवर इस्त्रीचा डाग, गुरुवारी विमान आहे, कोणाला काही माहीत असेल तर लगेच सांगा

मृणाल, रविवार, दुपार (अमळनेरहून)

नमस्कार मंडळी,

तो लाल कशिद्याचा पांढरा टेबलक्लॉथ, पाडव्याला फराळाच्या टेबलावर होता तोच. आत्याकडून कोपऱ्यातलं उसवलेलं शिवून घ्यायला मी इकडे आणला होता. आज धुऊन, खळ घालून, इस्त्री करत होते. दारावर दूधवाला आला म्हणून इस्त्री उभी करून गेले. परत येऊन पाहते तर ती आडवी पडलेली. बहुतेक वायर ओढली गेली. मधोमध इस्त्रीच्या टोकाचा तपकिरी ठसा उमटलाय, तळहाताएवढा. मी लगेच थंड पाण्यात बुडवला, पण डाग जसाच्या तसा आहे.

मध्येच आहे, त्यामुळे घडी घालून झाकता येत नाही. गुरुवारी मुंबईहून विमान आहे. काय करू?

---

हेमंत, रविवार

मृणाल, टेन्शन घेऊ नकोस. लिक्विड ब्लीच एक झाकण पाण्यात टाक आणि कापड तासभर भिजव. नाही गेलं तर थोडं व्हिनेगर घाल, म्हणजे जोर वाढतो. आम्ही कॉलरसाठी हेच करतो आणि कॉलर पांढरीशुभ्र होते.

---

कुंदाताई, रविवार

हेमंत, तो मंडळाचा टेबलक्लॉथ आहे, तुझी कॉलर नाही. त्यावर लाल दोरा आहे. आधी दोऱ्याचं काय होईल ते सांग.

मृणाल, राग मानू नकोस, पण सामानाच्या वहीत या टेबलक्लॉथची नोंद नाही. मागे समई नेली तेव्हाही हेच झालं होतं. कोणी काय नेलं हे मला माहीत असायला हवं. आता डागाचं आधी बघू, वहीचं नंतर.

---

प्रतिभा, रविवार

माझंही असंच झालं होतं! यांचा निळा शर्ट, इस्त्री टेकवली आणि चिकटलीच. उचलली तर तळाला काळं चिकट काहीतरी लागलं आणि शर्टाला चकचकीत ठसा पडला. मी टूथपेस्ट लावून घासून पाहिलं, काही झालं नाही. भुसावळला आई केळीच्या पानावर इस्त्री फिरवून मगच कपड्याला लावायची, तिच्या हातून कधी असं झालं नाही. तसं करून बघ.

---

शरदकाका, सोमवार, पहाट

मृणाल बेटा, घाई करू नकोस. ब्लीच तर मुळीच नको. क्लोरीनच्या ब्लीचमध्ये व्हिनेगर घातलं की क्लोरीन वायू सुटतो, बंद न्हाणीघरात तो छातीला लागतो. हेमंत, तू कॉलरसाठी हे करत असशील तर कृपा करून थांबव. नुसत्या ब्लीचनेही भाजलेला धागा आणखी कमजोर होतो.

प्रतिभा, तुझा शर्ट सुती नव्हता. त्यात पॉलिएस्टर असणार, ते वितळतं. चकचकीत ठसा म्हणजे वितळलेलं कापड, त्यावर औषध नाही. सुताचं वेगळं असतं. सूत वितळत नाही, ते आधी पिवळं पडतं, मग तपकिरी होतं आणि शेवटी कोळसा. पिवळं असेल तोवर हाती काही तरी असतं.

आता मृणाल, मला तीन गोष्टी सांग. खळ कशाची घातली होतीस? डाग उलट्या बाजूला दिसतो का? आणि ओल्या डागावर नख हलकेच ओढलंस तर धागा सुटतो का? नखाची परीक्षा सर्वात गडद ठिकाणी कर, सगळीकडे नको.

अमळनेरच्या गिरणीत ब्लीचिंग खात्यात मी बरीच वर्षं काढली. तू तिथेच आहेस याचा मला आनंद झाला.

---

मृणाल, सोमवार, सकाळ

काका, खळ साबुदाण्याची, आत्याची. उलट्या बाजूला डाग आहे पण फिका. नख ओढलं तर बाकी ठिकाणी काही होत नाही. अगदी टोकाला मात्र, बोराच्या बीएवढ्या जागेत, दोन-तीन धागे तुटले आणि नखाला तपकिरी भुकटी लागली.

---

शरदकाका, सोमवार

म्हणजे तुझ्याकडे दोन वेगळे डाग आहेत.

पहिला, मोठा. यात निम्मी खळ भाजली असणार. खळ सुताच्या आधी करपते, म्हणून डाग खरा असतो त्यापेक्षा भयंकर दिसतो. कोमट पाण्यात अंगाचा साबण न लावता अर्धा तास ठेव, मग हातानं चोळ आणि पाणी बदल. पाणी बुळबुळीत लागायचं थांबेपर्यंत. थंड पाण्यात बुडवलास म्हणून डाग हलला नाही, खळ त्यात फुगते पण सुटत नाही.

उरेल तो सुताचा पिवळेपणा. त्याला हायड्रोजन पेरॉक्साइड. मेडिकलमध्ये सहा टक्क्यांची बाटली मिळते, लेबलवर बघून घे. जेवढं पेरॉक्साइड तेवढंच पाणी, म्हणजे तीन टक्के. अर्ध्या वाटीत धुण्याच्या सोड्याची चिमूट घाल, जास्त नको. सोड्याशिवाय पेरॉक्साइड सुस्त पडतं. गिरणीत आम्हीही पेरॉक्साइड अल्कलीतच चालवायचो, पण तिथे कढत पाणी आणि वर सिलिकेट असायचं, जोर आवरायला. घरी तेवढा जोर नको.

बाटली जुनी असेल तर तिचा दम गेलेला असतो. कच्च्या बटाट्याची फोड टाकून बघ. भरभरून फेस आला तर ठीक.

आणि सर्वात महत्त्वाचं. लोखंडी बादली, गंजकी टाचणी, सेफ्टीपिन, काही जवळ नको. गिरणीत कापडावर लोखंडाचा एक कण आला की पेरॉक्साइडमध्ये तिथेच सुईच्या टोकाएवढं भोक पडायचं. चांगला ताका असा वाया गेलेला मी पाहिलाय. प्लॅस्टिकचं टब घे.

---

कुंदाताई, सोमवार

काका, लाल दोऱ्याचं?

---

शरदकाका, सोमवार

कुंदा, बरोबर विचारलंस. उलट्या बाजूला दोऱ्याचं शेपूट असेल, त्याला ते मिश्रण लावायचं, दहा मिनिटांनी पांढऱ्या फडक्यात दाबायचं. फडक्यावर लाल आलं किंवा शेपूट फिकट झालं, तर कशिद्यापासून दोन बोटं दूरच राहायचं.

---

अमोल, सोमवार

माझ्या मते इस्त्रीचाच दोष आहे. आपल्याकडे जळगाव-धुळ्यात व्होल्टेज वरखाली होतं, त्यामुळे थर्मोस्टॅट लवकर जातो. मृणाल, इस्त्री आडवी पडली तेव्हा लाल दिवा बंद-चालू होत होता का? सतत चालू असेल तर ती इस्त्री वापरू नकोस, पुन्हा होईल. माझ्या मावशीची अशीच होती, सुती ठेवूनही साडीचा काठ पिवळा व्हायचा.

---

प्रतिभा, सोमवार

अमोल, आमच्याकडे तर लोडशेडिंगच असतं, व्होल्टेज कुठलं! आणि काका म्हणतात ते खरं असेल, शर्टाच्या पट्टीवर पॉलिएस्टर लिहिलेलं निघालं. मग मी तो घासत होते ते व्यर्थच.

---

मृणाल, मंगळवार, रात्र

सगळं सांगते, लांब आहे.

दिवा बघायला इस्त्री पुन्हा लावली. तो बंदच होत नाही. आत्या म्हणाली, टाकून दे. टाकली नाही, बाजूला ठेवलीये.

कोमट पाण्यात तीनदा पाणी बदललं. खरंच, काठाकडचा तपकिरीपणा उतरला आणि मोठ्या ठशाचं फिकट पिवळं झालं. पाणी ताकासारखं गढूळ होतं.

मेडिकलमधून बाटली आणली. बटाट्याचा फेस बघून आत्या दचकली. दोऱ्याचं शेपूट लावून बघितलं तर फडक्यावर किंचित गुलाबी आलं, म्हणून लाल वेलीपासून दूर राहिले. कापसाचा बोळा भिजवून डागावर ठेवला. सावलीत होते तरी इथे उन्हाळा असा की बोळा पाच-सात मिनिटांत कोरडा! काका, हे तुम्ही सांगितलं नव्हतं. कोरडा झाला की पुन्हा भिजवत राहिले, वर प्लॅस्टिकची पिशवी झाकली, तेव्हा जरा टिकला. वीस-वीस मिनिटांचे तीन फेरे केले, मध्ये दर वेळी भरपूर पाण्यानं धुतलं. पहिल्या फेऱ्यात काहीच कळलं नाही, दुसऱ्यात कळलं, तिसऱ्यानंतर पांढऱ्या कापडाशी लावून बघितलं तर उन्हातच एक सावली दिसते. हातमोजे नव्हते, बोटांची टोकं पांढरी पडून चुणचुणली. संध्याकाळपर्यंत ठीक झाली.

टोकाची जागा मात्र तशीच आहे. बोराच्या बीएवढी, गडद तपकिरी.

---

शरदकाका, बुधवार

छान केलंस. पिशवी झाकण्याचं खरंच माझ्या लक्षात नव्हतं. गिरणीत वाफेच्या जवळ राहून कोरडं पडण्याचा विचारच सुटला. टोक तसंच राहणार, तिथे धागा जळून गेलाय, रंग काढायला धागाच उरलेला नाही. आणखी फेरे केलेस तर भोक पडेल. उद्या घडी घालताना ती जागा घडीवर येऊ देऊ नकोस. आणि तो भाग इस्त्रीशिवाय सुकव. पिवळेपणा थोडा राहिलाय, त्यावर गरम इस्त्री फिरली की पुन्हा गडद होतो.

हेमंतला आणखी एक सांगतो. लिंबू पिळून उन्हात ठेवलेलं काही जणांना जमतं, फिक्या डागाला थोडा फरक पडतोही. पण आंबट धुवून न काढता इस्त्री केली तर धागा तुटतो. ते मी पाहिलंय.

---

हेमंत, बुधवार

काका, व्हिनेगरचं बंद केलं. पण नुसतं ब्लीच पांढऱ्या कॉलरला चालतंच ना? वर्षानुवर्षं वापरतोय.

---

कुंदाताई, बुधवार

हेमंत, कॉलरसाठी वेगळी मेल काढ.

मृणाल, मेहनत दिसते. टोकाच्या जागेचं माझं म्हणणं असं, वेलीचं एक फूल तिथे भरून घ्यायचं. आत्याच्या हाताचं असेल तर उत्तम. दोरा तोच लाल हवा, रंग जुळला नाही तर दुरून दिसतो.

---

शरदकाका, बुधवार

कुंदा, त्या धाग्यावर टाके धरणार नाहीत. मागून पातळ मलमल लावून मगच भरायचं.

---

कुंदाताई, बुधवार

काका, कशिदा मला शिकवू नका, मलमल तर लावावीच लागते. पण मृणाल, मलमल धुतल्यावर आटते, आधी भिजवून घे. आणि वहीत तारीख टाकते आहे, अमळनेरहून परत कधी येणार ते सांग.

---

मृणाल, गुरुवार, पहाट (मुंबई विमानतळ)

आत्यानं काल रात्री मलमल भिजवून सुकवली आणि फूल भरलं, पण लाल दोरा तिच्याकडे एक छटा गडद होता. मला चालतंय, तुम्ही बघून सांगा. जळक्या धाग्यावर टाका धरतो की नाही हे धुतल्यावरच कळेल. कुंदाताई, रविवारी हॉलवर आणून देते, वहीत तारीख लिहा.