अनुभव धागा: राणी मासा, सोलकढी आणि डबिंगमधला समुद्र

धाग्याचा विषय (वेंगुर्ला)

जागतिकीकरणाने सगळीकडे एकच चव, एकच पडदा होतो, असं एक मत. जगाची वस्तू गावात आली की गाव तिला आपल्या वळणावर नेतं, हे दुसरं. दोन्ही बाजूंची भाषणं पुष्कळ झाली. इथे फक्त कामाचं लिहा: कोकणातला एखादा पदार्थ किंवा सिनेमा घ्या आणि त्यातलं नेमकं काय काढलं जातं, काय घातलं जातं, कुठे बिघडतं ते सांगा. पिझ्झा वाईट की चांगला यावर कृपया नको.

मत्स्यप्रक्रिया, रत्नागिरी

मग सुरिमीपासून, म्हणजे माशाच्या धुतलेल्या, गोठवलेल्या खिम्यापासून सुरुवात करू. रत्नागिरीच्या बंदरात उतरणाऱ्या राणी माशाला घरगुती बाजारात सुरमई-पापलेटाचा भाव कधीच नव्हता. काटे बरेच, मांस मऊ. ट्रॉलरच्या जाळ्यात मात्र तो ढिगाने येतो. त्याचं, ढोम्याचं आणि चोर बोंबलाचं सुरिमी होतं आणि ते देशाबाहेर जातं. गोठवूनही टिकणाऱ्या सुरिमीचं तंत्र 1960च्या सुमारास जपानमधल्या होक्काइडोत अलास्का पोलॉक माशासाठी बसवलं गेलं. इथे तेच उष्ण समुद्रातल्या माशांना लावलं आहे.

डोकं आणि पोट काढून मासा धुतात, मग तो पट्टा आणि जाळीदार ड्रम यांच्यात दाबतात. मांस ड्रमच्या भोकांतून आत जातं, कातडी आणि काटे बाहेर राहतात. खरं काम पुढे आहे. हा खिमा बर्फाच्या पाण्यात दोन-तीनदा धुतात, पाणी 10 अंशांच्या खाली. धुण्यात रक्त, चरबी, वास आणि पाण्यात विरघळणारी प्रथिनं निघून जातात. जेल धरणारी प्रथिनं तेवढी उरतात. शेवटच्या पाण्यात किंचित मीठ असतं, नाहीतर मांस फुगून पाणी सोडत नाही आणि दाबयंत्रात नीट पिळलं जात नाही. नंतर साधारण 4 टक्के साखर, 4 टक्के सॉर्बिटॉल आणि चिमूटभर फॉस्फेट मिसळून 10 किलोच्या लाद्या गोठवतात. साखर गोडीसाठी घालत नाहीत. गोठताना प्रथिनं मोडू नयेत म्हणून ती लागते. 100 किलो माशातून 25 ते 30 किलो सुरिमी निघालं तर ठीक.

बिघडतं कुठे? मासा बोटीवर बर्फाविना राहिला तर पुढे कितीही धुवा, जेल येत नाही. कळतं असं: थोडं सुरिमी मीठ घालून वाटायचं, नळीत शिजवायचं, 3 मिलिमीटरची चकती कापून तिची चौघडी घालायची. चीर गेली नाही तर माल उत्तम, पहिल्याच घडीत तुटली तर खालच्या प्रतीचा. शिजवताना 50 ते 60 अंशांवर जास्त वेळ रेंगाळलं तर चांगलं जेलही ढासळतं, कारण माशातलीच विकरं त्या तापमानाला प्रथिनं तोडतात. तेवढा पट्टा झपाट्याने ओलांडावा लागतो.

आता धाग्याच्या विषयाकडे. हातात उरतं ते पांढरं, बिनवासाचं, बिनचवीचं मांस. राणी रत्नागिरीची होती हे त्यावरून कुणी ओळखू शकत नाही. एका देशात त्याची कामाबोको नावाची माशाची वडी होते, दुसरीकडे क्रॅबस्टिक, तिसरीकडे तिखट फिशबॉल. ज्याला स्थानिकीकरण म्हणतात ते बहुतेक वेळा असंच चालतं. आधी गाव धुऊन काढायचं, मग जिथे विकायचं तिथलं गाव वरून चोळायचं.

खाद्यप्रेमी, चिपळूण

एवढं निराशेचं कारण नाही. मॅकडॉनल्ड्स 1996 मध्ये भारतात आलं तेव्हा त्यांना बीफ सोडावं लागलं. बटाट्याची टिक्कीही पावात घालावी लागली. जग झुकलं की नाही? आणि क्रॅबस्टिकमध्ये निदान कुर्ली तरी असते, म्हणजे आपलीच कुर्ली बाहेर पोचते.

मत्स्यप्रक्रिया, रत्नागिरी

कुर्ली बहुतेक कांड्यांत नसते, असली तर नावापुरती. सुरिमीत मीठ, स्टार्च, अंड्याचा पांढरा आणि कुर्लीच्या वासाचा अर्क घालून पातळ पट्टी शिजवतात, तिला उभ्या चिरा देतात आणि गुंडाळतात. धागे सुटतात ते त्या चिरांमुळे. लाल रंग फक्त बाहेरून. पाकिटावर घटक क्रमाने लिहिलेले असतात, वाचून बघा.

टिक्कीचं म्हणणं अर्धं पटतं. चव बदलली, शाकाहारी आणि मांसाहारी स्वयंपाक वेगळा केला, हे खरं. पण तळणीचा वेळ, तेलाचं तापमान, पावाचा आकार ठरवण्याची पद्धत बाहेरचीच राहिली. उलट शेत बदललं. फ्रेंच फ्राइजला लांबट, कमी पाण्याचा आणि कमी साखरेचा बटाटा लागतो. साखर जास्त असली की तळताना काळपट होतो. गुजरातेत त्यासाठी प्रक्रियेच्या जातींची करार-शेती उभी राहिली. म्हणजे पाटीवरचं नाव आपल्याकडे झुकलं आणि वावर त्यांच्याकडे.

होमस्टे, तारकर्ली

माझो प्रश्न साधो आसा, चर्चा मोठी चल्ली हा म्हणान मधीच इचारतंय. पर्यटक येतत ते सोलकढी मागतत. दर दिसाक नारळ खवूक माणूस मिळना नाय, म्हणान खोक्यातला नारळाचा दूध वापरतंय. फ्रिजमधे ठेवलला की रवाळ लागता, गुठळे होतत. रंगय मळकट येता. काय चुकता ता सांगा.

खानावळ, मालवण

हा प्रश्न धाग्यातच बसतो हो. खोक्यातल्या दुधात बहुधा घट्टपणासाठी डिंकासारखं काहीतरी असतं आणि चरबीही भरपूर. नारळाची चरबी साधारण 24 अंशांखाली थिजते. फ्रिजमध्ये ती गोठून कणी होते, तेच तुम्हाला रवाळ लागतं. दुसरं, आगळ म्हणजे कोकमाचा खारट रस, तो आंबट; घट्ट दुधात एकदम ओतलं की दूध फाटतं.

खोक्याचंच वापरायचं असेल तर 200 मिलिलिटरला 400 ते 500 मिलिलिटर कोमट पाणी घालून आधी पातळ करा. आगळ थोड्या पाण्यात कालवून सगळ्यात शेवटी, हळूहळू, ढवळत घाला. पानात वाढायच्या अर्धा तास आधीच करा, फार गार करू नका आणि उकळी तर कधीच नको. ताजं करायचं तर एका मध्यम नारळाला तीन कप कोमट पाणी, दोनदा पिळून. त्याला तीन ते चार मोठे चमचे आगळ, तीन-चार लसूण पाकळ्या आणि एक हिरवी मिरची ठेचून. आगळात मीठ असतंच, चाखल्याशिवाय वर मीठ टाकू नका. बाटलीवर कोकम सरबत लिहिलं असेल तर ते साखरेचं, त्याची सोलकढी होत नाही.

मळकट रंग म्हणजे आगळ कमी पडलं. कोकमाचा रंग आंबटपणावर टिकतो. आंबट उतरलं की तो जांभळट-करडा होतो. महामार्गावर कुठेही थांबा, कढी भडक गुलाबी मिळते, कारण बऱ्याच ठिकाणी बीट घालतात. ओळखायचं तर वाटीभर कढीत चिमूट खायचा सोडा टाका. कोकमाचा रंग करडा-निळसर व्हायला लागतो, बिटाचा गुलाबीच राहतो.

आता माझं मत. मालवणी थाळी एकसारखी झाली ती पिझ्झ्यामुळे नव्हे. मुंबई-पुण्याच्या ग्राहकाला आधीच माहीत असलेली मालवणी थाळी आम्हीच वाढायला लागलो: सुरमई, पापलेट, कोळंबी. तारली, मुळे, लेपो पानातून गेले. काटे काढत बसायला वेळ कुणाला आहे?

ध्वनी व डबिंग, सावंतवाडी

सुरिमीचं वाचून चकित झालो, कारण सिनेमात हेच होतं. मोठा चित्रपट दुसऱ्या भाषेत न्यायचा तर त्याच्यासोबत आवाजाची एक वेगळी पट्टी येते, तिला आम्ही एम-अँड-ई म्हणतो: संगीत आहे, पावलं आहेत, दार आहे, पण माणसांचे संवाद काढलेले. अशी पट्टी पहिल्यापासून तयार ठेवली असेल तरच कुठल्याही भाषेत आवाज भरता येतात. 1994 मध्ये 'ज्युरासिक पार्क' हिंदीत आला आणि डबिंगचा बाजार केवढा आहे ते दिसलं.

आपल्याकडचा चित्रपट किनाऱ्यावर थेट आवाजात चित्रित झाला की ही पट्टी करणं अवघड जातं. संवाद ज्या माइकवर, लाट आणि पाऊस त्याच माइकवर. संवाद काढला की समुद्रही जातो. म्हणून त्या जागेचे आवाज वेगळे घ्यावे लागतात. प्रत्येक ठिकाणी चित्रीकरण संपल्यावर सगळ्यांना गप्प करून किमान एक मिनिट नुसती हवा, नुसती लाट नोंदवायची. घाईत हेच वगळलं जातं. मग भरताना परदेशी आवाजांच्या संग्रहातला समुद्र लावतात आणि त्यात सीगल ओरडत असतात. सीगल म्हणजे कुरव पक्षी आपल्याकडे हिवाळी पाहुणे. आषाढातल्या दृश्यात ते ओरडले की समजायचं, समुद्र विकतचा आहे.

दुसरी अडचण ओठांची. प, फ, ब, भ, म म्हणताना ओठ मिटतात आणि जवळच्या दृश्यात ते लपत नाहीत. पडद्यावरचं पोर 'मॉम' म्हणतं, तेव्हा 'आई' बसत नाही. म्हणून डबिंगमध्ये 'मम्मी' शिरते. दिग्दर्शक जागा असेल तर 'आई' पाठमोऱ्या क्षणी सरकवतो आणि तोंडासमोर दुसरं काही ठेवतो.

दशावतार पाहणारा, कुडाळ

तुम्ही सगळे धुवून काढण्याबद्दल लिहिताय. दशावतारात उलट दिशा आहे. ट्रिकसीनची नाटकं आता जत्रेत गर्दी खेचतात: धूर, रंगीत झोत, राक्षसाचं मुंडकं उडणं, हे सिनेमातूनच आलं. पण पखवाज, झांज, हार्मोनियम जागेवर आहेत आणि संवाद अजून उत्स्फूर्तच. सुरुवातीच्या आडदशावतारात संकासुर मालवणीत बोलतो, आख्यानातला राजा प्रमाण मराठीत. सिनेमाचं तंत्र आलं तरी ही वाटणी मोडली नाही.

बिघडतं ते वेळेत. ट्रिकसीनला दिव्याचा इशारा ठरलेला लागतो, म्हणजे नटाला ठरल्या वाक्यावर थांबावं लागतं. उत्स्फूर्तपणा तिथे आखडतो. चांगला हार्मोनियमवाला इशारा सुरात देतो आणि नटाला मोकळं ठेवतो. असे वादक कमी होत चालले आहेत.

खाद्यप्रेमी, चिपळूण

मग हे स्थानिकीकरण की नुसती नक्कल? धूर तर सगळीकडे सारखाच.

दशावतार पाहणारा, कुडाळ

धूर सारखाच. धुरातून कोण येतं आणि काय बोलतं ते बघा. बाकी तुमचा मुद्दा मला अजून खोडता आलेला नाही.

होमस्टे, तारकर्ली

आगळ शेवटाक घाललंय, दूध फुटला नाय. आता राणीचा इचारतंय. पर्यटकांका राणी वाढूची तर काट्याचा काय करूचा?

खानावळ, मालवण

छोट्या राणीला दोन्ही बाजूंनी अगदी जवळजवळ आडव्या चिरा द्या, हळद-मीठ-आगळ लावून वीस मिनिटं ठेवा आणि तांदळाच्या पिठात घोळवून कुरकुरीत तळा. बारीक काटे चिरांत तुटून तळले जातात. मधला काटा राहतोच, तो पाहुण्याला आधी सांगा. आमटीत घालू नका, मांस सुटून काटे रश्शात पसरतात.

मत्स्यप्रक्रिया, रत्नागिरी

आणि सकाळी लवकर घ्या. दुपारपर्यंत चांगला माल कारखान्याच्या बर्फात गेलेला असतो.