१२० बोर्डांवर फ्यूज जाळावेत की नको?

दूधकट्टा:
दूध संकलन केंद्रांसाठी फॅट आणि वजन नोंदवणारं यंत्र बनवतो. आत आयएमएक्स ६ यूएलएल चिपचा तयार बोर्ड आणि त्यावर लिनक्स. एका केंद्रावर कुणीतरी एसडी कार्ड बदलून स्वतःचं सॉफ्टवेअर चालवलं, फॅट ०.३ ने कमी दाखवणारं. आता ग्राहकाचं म्हणणं, आमची सही असलेलंच सॉफ्टवेअर चाललं पाहिजे. १२० बोर्ड आहेत. फ्यूज एकदा जळले की परत येत नाहीत, म्हणून हात धजत नाही. जाळावेत का? जाळायचेच तर बोर्डाचा दगड होऊ नये म्हणून काय बघायचं?

पोळलेला:
नका जाळू. दोन वर्षांपूर्वी मी एका कंपनीत होतो, नाव राहू दे. ४० बोर्ड एका दुपारी घालवले, आणि स्क्रिप्ट माझीच होती. कीचा हॅश ८ शब्दांत फ्यूजमध्ये लिहायचा असतो. ते ८ शब्द फाइलमधून काढायची आज्ञा सगळे हीच वापरतात:

```
hexdump -e '/4 "0x"' -e '/4 "%X""\n"' SRK_1_2_3_4_fuse.bin
```

सात ओळी आठ अंकी आल्या आणि एक आली `0x59C412E`. सातच अंक. मला वाटलं कॉपी करताना शेवटचा अंक सुटला, म्हणून शेवटी शून्य चिकटवलं. घाई होती, लॉट दुसऱ्या दिवशी निघायचा होता. स्क्रिप्टमध्ये प्रश्न न विचारता जाळणारं `-y` होतं, आणि हॅश लिहून झाला की लगेच बोर्ड बंद करणारी, म्हणजे यापुढे सही नसलेलं काही चालूच न देणारी ओळही होती. वीज काढून परत दिली तर एकही बोर्ड बोलेना. अजून एका खोक्यात पडून आहेत.

वायरमनकाका:
अहो, बोर्डवर २ अँपिअरचा ग्लास फ्यूज असतो तो ना? होल्डर लावून घ्या, दहा रुपयांत बदलता येतो. जाळायचा कशाला मुद्दाम?

सांगलीकर:
काका, हा तो नव्हे. हा चिपच्या आत असतो, दिसतही नाही. शून्याचा एक करता येतो, एकाचा शून्य नाही.

चिपवाली ताई:
पोळलेला, तुमच्याबद्दल वाईट वाटलं, पण निष्कर्ष पटला नाही. तुमचे बोर्ड चुकीच्या हॅशने मेले नाहीत. तो हॅश तपासायच्या आत बोर्ड बंद केलात म्हणून मेले.

आधी त्या शून्याचं. `%X` पुढची शून्यं छापत नाही. खरा शब्द होता `0x059C412E`, शून्य पुढे होतं. तुम्ही लिहिलंत `0x59C412E0`. हे क्वचित घडणारं नाही. एका शब्दाचा पहिला अंक शून्य असण्याची शक्यता सोळात एक, पण शब्द आठ आहेत. म्हणजे आठांपैकी निदान एक तरी आखूड निघण्याची शक्यता साधारण ४० टक्के. दर पाच संचांत दोघांना हा खड्डा लागणारच, आणि सिक्युअर बूटच्या मार्गदर्शिकेत त्याबद्दल चकार शब्द नाही. `%X` च्या जागी `%08X` लिहा, विषय संपला.

आता कुणी म्हणेल, वरून बरोबर शब्द लिहू. लिहा, पण जुने एक तसेच राहतात आणि नवे त्यात मिसळतात. वरच्या दोन आकड्यांतून फ्यूजमध्ये उरेल `0x5DDC53EE`, जो ना हा ना तो. तो शब्द कायमचा गेला.

पण बोर्ड गेलेला नसतो. एसआरकेचा, म्हणजे सही तपासायच्या मूळ कीजचा हॅश वेगळ्या फ्यूजमध्ये असतो, बँक ३, शब्द ० ते ७. बोर्ड बंद करणारा `SEC_CONFIG` चा बिट तिसरीकडेच, बँक ० शब्द ६ मध्ये. तो बिट जाळेपर्यंत चिप उघडी असते. उघडी चिपसुद्धा सही तपासते, पण ती चुकली तर अडवत नाही, फक्त नोंद करून पुढे जाते. म्हणजे चुकीचा हॅश जाळलात तरी बोर्ड नेहमीसारखा चालू होतो आणि तक्रार लिहून ठेवतो. तो पुढे कधीच बंद करता येणार नाही, पण डेव्हलपमेंटला वापरा की.

दूधकट्टा:
म्हणजे ताई, ती नोंद वाचायची कुठे?

चिपवाली ताई:
लिनक्सच्या आधी चालणाऱ्या यू-बूटच्या प्रॉम्प्टवर. सही केलेलं यू-बूट एसडीवर टाका, वीज काढून परत द्या, मग:

```
=> hab_status
HAB Configuration: 0xf0, HAB State: 0x66
No HAB Events Found!
```

`0xf0` म्हणजे चिप उघडी. एकही इव्हेंट नाही म्हणजे हॅश, की आणि सही तिन्ही जुळलं. पण एवढ्यावर भागवू नका. त्याच इमेजमधल्या आवृत्तीच्या मजकुरातलं एक अक्षर हेक्स एडिटरने बदला आणि परत बूट करा. आता इव्हेंट दिसलेच पाहिजेत. नाही दिसले तर तपासणी होतच नाहीये आणि आधीचं कोरं पान खोटं होतं. दोन्ही चाचण्या झाल्या की मगच तो एक बिट. बाकीच्या ११९ बोर्डांवरही हाच क्रम ठेवा: हॅश जाळा, बूट, `hab_status`, त्यानंतर बंद. एका स्क्रिप्टमध्ये दोन्ही कधीच नको.

अवांतर: मार्गदर्शिकेत ६ आणि ७ मालिकेच्या आज्ञा एकाखाली एक आहेत. ७ मध्ये बंद करण्याचा पत्ता आणि आकडा दोन्ही वेगळे, `fuse prog 1 3 0x02000000`. तुमच्यासाठी `fuse prog 0 6 0x00000002`. आपलीच ओळ कॉपी करतोय ना, हे दोनदा बघा.

प्रोसेसरप्रेमी:
ताईंशी बव्हंशी सहमत, पण एवढं घाबरायचं कारण नाही. चार एसआरके असतात ते याचसाठी. एकीचा हॅश चुकला तर दुसऱ्या कीने सही करायची.

चिपवाली ताई:
नाही हो. चार कीज असतात हे खरं, पण फ्यूजमध्ये चार हॅश नसतात. चारही कीजच्या तक्त्याचा मिळून एकच हॅश असतो. तो चुकला की चारही बाद. चार असतात त्या की चोरीला गेली तर ती रद्द करून पुढच्या कीवर जायला, आणि त्यातही चौथी रद्द करता येत नाही.

पोळलेला:
क्रमाचं मान्य. त्या दिवशी मधे एकदा `hab_status` पाहिलं असतं तर एकच बोर्ड बिघडला असता, आणि तोही कामाचा राहिला असता. पण माझा मूळ मुद्दा तसाच आहे. चिप बंद झाली, ईएमएमसी खराब झाली, तर यूएसबीवरून जीव घालायचा मार्गही सही मागतो. आणि नेहमीची सही केलेली इमेज तिथे चालत नाही.

चिपवाली ताई:
बरोबर. यूएसबीवरून देताना मेमरी सुरू करणारा डीसीडीचा तक्ता टूल आधीच स्वतः चालवतं आणि इमेजमधला त्याचा पत्ता शून्य करतं. म्हणून सही करतानाही तो पत्ता शून्य हवा, शिवाय त्या तक्त्याचीही सही लागते. ही दुसरी इमेज आजच बनवा आणि पहिला बोर्ड बंद केल्यावर लगेच यूएसबीवरून चालवून बघा. बोर्ड बंद पडल्यावर बनवायला बसाल तर ती चुकली की टूल चुकलं, कळणार नाही.

शंकासुर:
मी उलट बाजूने. इतका खटाटोप करून मिळणार काय? २०१७ मध्ये याच कुटुंबातल्या बऱ्याच चिप्सच्या बूट रॉममध्ये भोक निघालं, CVE-2017-7932. सर्टिफिकेट वाचताना स्टॅक ओसंडतो, आणि बंद चिपवरही बिनसहीचा कोड चालवता येतो. रॉम सिलिकॉनमध्ये कोरलेला, दुरुस्ती फक्त नव्या चिपमध्ये. तुमचे १२० कोणत्या रिव्हिजनचे आहेत ते आधी बघा. शिवाय माझ्या गावच्या केंद्रावर फॅट कमी दाखवायला कुणी सॉफ्टवेअर बदलत नाही, सॅम्पलच पातळ करतात. प्रोब ढिली केली तरी काम होतं. सेन्सरवर कसली सही करणार?

सांगलीकर:
+१. कॅलिब्रेशनचा पासवर्ड कागदावर लिहून यंत्राच्या बुडाला चिकटवलेला मी पाहिलाय.

चिपवाली ताई:
सेन्सरचं खरं आहे, फ्यूज तिथे काही करू शकत नाहीत. रिव्हिजनचंही मान्य, जुनी असेल तर मीही विचार बदलेन. पण दूधकट्टांकडे घडलंय ते कार्ड बदलणं. त्यासाठी स्टॅक ओसंडवणारा माणूस लागत नाही, खिशात दुसरं कार्ड असलं की पुरतं. ते मात्र नक्की थांबेल. अट एकच. यू-बूटचा प्रॉम्प्ट सीरिअल केबलवर उघडा राहिला किंवा यू-बूटने कर्नल न तपासता सुरू केला, तर फ्यूज जाळून उपयोग नाही. रॉम फक्त पहिली पायरी तपासते, पुढच्या तुम्ही तपासायच्या.

शंकासुर:
मग फ्यूजऐवजी कार्डाच्या खाचेला लाख लावून शिक्का मारा की. वजनकाट्याला मारतात तसा. फुटला की दिसतो, आणि चुकला तर परत मारता येतो.

पोळलेला:
हे मला पटलं. १२० साठी तरी.

दूधकट्टा:
शिक्क्याचं ग्राहकाला विचारतो, पण त्याला लेखी "सिक्युअर बूट" हवंय. काल रात्री एका बोर्डवर फक्त हॅश जाळला. माझाही चौथा शब्द सात अंकी निघाला! हा धागा नसता तर मीही शून्य मागेच लावलं असतं. `hab_status` कोरं आलं, एक अक्षर बदलल्यावर दोन इव्हेंट आले. कर्नलची तपासणी अजून व्हायचीय. आता यूएसबीची इमेज करून उद्या `0 6` करू का?

चिपवाली ताई:
खासगी कीज कुठे आहेत?

दूधकट्टा:
माझ्या लॅपटॉपवर, डाउनलोड्समध्ये.

चिपवाली ताई:
दुसरी प्रत?

दूधकट्टा:
नाही.

चिपवाली ताई:
मग उद्या नको.